पाणी, चाक आणि अंतर : पावसात मोटार कुठे सावरावी, कुठून परत फिरवावी

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकरांच्या स्मरणातून सहजासहजी जाणार नाही. मध्यरात्रीनंतर कोसळलेल्या पावसाने अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरचा आकडा ओलांडला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदीने आपले पात्र सोडले. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट या वस्त्यांत घराच्या तळमजल्यावर पाणी शिरले. सीताबर्डीच्या मोरभवन बसस्थानकात उभ्या असलेल्या बसगाड्या पाण्यात बुडाल्या. दारासमोर लावलेल्या मोटारी सकाळी भलत्याच ठिकाणी आणि भलत्याच दिशेला तोंड करून सापडल्या.

त्या मोटारींना कोणी चालवले नव्हते. पाण्यानेच त्यांना उचलून नेले होते. ज्या वाहनाचे वजन आपण नऊशे किंवा हजार किलो म्हणून सांगतो, ते पाण्यात इतके हलके कसे होते? आणि भर महामार्गावर, जेथे पाणी जेमतेम बोटभरही नसते, तेथे हेच वाहन चालकाच्या हातून का निसटते? दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. मोटारीचा रस्त्याशी संबंध केवळ चार ठिकाणी, प्रत्येकी तळहाताएवढ्या जागेत येतो. चाक आणि रस्ता यांच्यामध्ये पाणी आले की हा संबंध सैल होतो आणि पुरेसे पाणी आले की तो तुटतो.

दर सेकंदाला एक बादली

इतवारी किंवा गांधीबागेतील एखादा व्यापारी आषाढातल्या सकाळी समृद्धी महामार्गाने जालन्याला निघाला आहे, अशी कल्पना करू. रस्ता काँक्रीटचा, सरळ आणि मोकळा. मोटारींसाठी कमाल वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. पाऊस सुरू आहे आणि रस्त्यावर तीन मिलिमीटर पाण्याचा थर आहे. वेग ८० असेल, तर एक सेकंदात मोटार सुमारे २२ मीटर पुढे जाते. अठरा सेंटिमीटर रुंदीच्या एका टायरला तेवढ्या वेळात सुमारे १२ लिटर पाणी, म्हणजे जवळजवळ एक बादली, बाजूला सारावे लागते. टायरवरील खाचा याच कामासाठी असतात. पाणी त्या खाचांतून मागे व बाजूला निघून जाते आणि रबर रस्त्याला भिडते.

वेग वाढला, खाचा झिजल्या किंवा पाणी वाढले, की एका क्षणी हे काम टायरच्या आवाक्याबाहेर जाते. पुढच्या चाकांसमोर पाण्याची पाचर तयार होते आणि चाक त्या पाचरीवर चढते. यालाच अ‍ॅक्वाप्लेनिंग म्हणतात. त्यानंतर मोटार रस्त्यावरून न जाता पाण्याच्या पातळ थरावरून घसरत जाते. तेव्हा स्टीअरिंग फिरवले तरी ती वळत नाही आणि ब्रेक दाबला तरी थांबत नाही.

अमेरिकेच्या नासा संस्थेने १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग करून या वेगाचा एक ठोकताळा बांधला. टायरमध्ये जितके पौंड हवा असेल त्याचे वर्गमूळ काढून त्याला १६.७ ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे खोल पाण्यात चाक वर उचलले जाण्याचा अंदाजे वेग, ताशी किलोमीटरमध्ये. ३२ पौंड हवा असल्यास तो ९४ येतो. हवा २४ पौंडांवर उतरली असेल तर ८२. हिशेब ढोबळ आहे. रुंद आणि झिजलेल्या टायरच्या बाबतीत चाक याहूनही कमी वेगात उचलले जाऊ शकते. परंतु त्यातून दोन गोष्टी नेमक्या कळतात. ताशी १०० च्या वर असलेल्या चालकाने ही सीमा आधीच ओलांडलेली असते. आणि कमी हवा ठेवली की पकड चांगली राहते, हा समज पाणी साचलेल्या रस्त्यावर उलटा पडतो.

टायरच्या खाचांची खोली कायद्याने मोटारीसाठी किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. टायरचा पृष्ठभाग झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीवर आला की ती मर्यादा संपली. मात्र पाणी बाहेर टाकण्याची क्षमता त्याआधीच बरीच घटलेली असते, म्हणून पावसाळ्यापूर्वी तीन मिलिमीटरच्या आसपास आलेले टायर बदलणे शहाणपणाचे ठरते.

अ‍ॅक्वाप्लेनिंगची चाहूल हाताला लागते. स्टीअरिंग एकाएकी हलके होते आणि चाकाखालून येणारा पाण्याचा आवाज बदलतो. अशा वेळी सर्वांत मोठी चूक म्हणजे घाबरून ब्रेक दाबणे किंवा स्टीअरिंग जोराने फिरवणे. चाक पुन्हा रस्त्याला टेकते त्या क्षणी ते वळलेले असेल, तर मोटार झटक्याने त्या दिशेला फेकली जाते. पाय अलगद अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलावा, स्टीअरिंग समोर सरळ धरून ठेवावे आणि वेग आपोआप उतरू द्यावा. एक-दोन सेकंदांत पकड परत येते. एबीएस असले तरी येथे त्याचा उपयोग नाही, कारण ते चाक व रस्ता यांच्यातील घर्षणच वापरते आणि ते घर्षण या क्षणी नसते. क्रूझ कंट्रोल मात्र पावसात बंदच ठेवावे.

ऐंशीचा ओला आणि शंभरचा कोरडा

चाक रस्त्याला टेकलेले असले तरी ओल्या रस्त्यावर पकड कमी असतेच. संकट दिसल्यापासून मोटार थांबेपर्यंतचे अंतर दोन भागांचे असते. पहिला भाग चालकाचा : डोळ्याने पाहिले, मनाने ठरवले, पाय ब्रेकवर गेला. याला सुमारे दीड सेकंद लागतो. दुसरा भाग ब्रेकचा. पहिल्या भागावर पावसाचा परिणाम होत नाही. दुसऱ्यावर मोठा होतो.

ताशी १०० च्या वेगाने दीड सेकंदात मोटार सुमारे ४२ मीटर जाते. त्यानंतर चांगल्या टायरने कोरड्या रस्त्यावर थांबायला सुमारे ५६ मीटर लागतात, एकूण ९८. ओल्या रस्त्यावर ब्रेकचे अंतर सुमारे ९८ आणि एकूण १४० मीटर. म्हणजे कोरड्या रस्त्यावर जेथे मोटार उभी राहिली असती, तेथून ती अजून वेगातच पुढे जात असते.

आता वेग ८० करून पाहू. प्रतिक्रियेचे ३३ मीटर आणि ओल्यातील ब्रेकचे ६३, एकूण ९६ मीटर. ताशी १०० ने कोरड्यात जेवढे अंतर लागते, जवळजवळ तेवढेच. पावसात वेग एक-पंचमांश कमी केला की थांबण्याचे अंतर कोरड्या दिवसाएवढे राहते, असा हा सुटसुटीत ताळेबंद आहे. जालन्यापर्यंतच्या प्रवासात यामुळे तास-पाऊण तास वाढेल, एवढेच. टायर झिजलेले असतील किंवा दीर्घ उघडिपीनंतर पहिलीच सर येत असेल, तर मात्र वेग याहून अधिक उतरवावा. रस्त्यावर साचलेले तेल, धूळ व रबराची भुकटी पहिल्या पाण्यात मिसळून निसरडा लेप तयार होतो. तो धुऊन जाईपर्यंतचा काळ मुसळधारेपेक्षाही फसवा असतो.

पाच चौरस मीटरचा तराफा

महामार्गावर वेग हा शत्रू. शहरात मात्र खोली. एका लहान मोटारीचा तळ सुमारे पाच चौरस मीटर धरू, वजन ९०० किलो आणि जमिनीपासून तळाची उंची १७ सेंटिमीटर. पाणी तळाला लागल्यानंतर दर दहा सेंटिमीटर वाढीस मोटार अर्धा घनमीटर पाणी बाजूला सारते, म्हणजेच पाणी तिला पाचशे किलोचा आधार देते. पाणी २७ सेंटिमीटर झाले की चाकांवर निम्मेच वजन उरते. ३५ सेंटिमीटरला वजन शून्य होते आणि आत पाणी शिरेपर्यंत मोटार तराफ्यासारखी तरंगते. हे पाणी प्रौढ माणसाच्या गुडघ्यापर्यंतही पोहोचलेले नसते. २३ सप्टेंबरच्या पहाटे उभ्या मोटारी सरकल्या, त्याचा अर्थ येथे लागतो.

पाणी वाहते असेल तर तरंगण्याचीही गरज नसते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो आणि हलकी झालेली चाके तो सोसू शकत नाहीत. उंच आणि वजनदार गाडीही याला अपवाद नाही. जुलै २०२२ मध्ये नागपूर जिल्ह्यातील सावनेर तालुक्यात पुराचे पाणी वाहत असलेल्या पुलावरून एक स्कॉर्पिओ पुढे नेण्यात आली. ती प्रवाहात वाहून गेली आणि आतील प्रवाशांनी प्राण गमावले. पुलावरच्या पाण्यात आणखी एक धोका दडलेला असतो : कठडा आणि भराव खालून वाहून गेला आहे की नाही, हे वरून दिसत नाही.

परतीची रेषा

परत फिरण्याचा निर्णय पाण्यात शिरल्यावर घेता येत नाही; तो काठावरच घ्यावा लागतो. त्यासाठी फूटपाथची कड ही उत्तम मोजपट्टी आहे, कारण ती साधारण १५ सेंटिमीटर उंच असते. कड दिसत असेल आणि पाणी स्थिर असेल, तर रस्त्याच्या मध्यातून, पहिल्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने आणि न थांबता जावे. बाहेर पडल्यावर हलका ब्रेक काही वेळा दाबून तो कोरडा करावा. कड बुडाली असेल तर परतावे. पाणी वाहताना दिसले तर खोलीचा विचारच करू नये, परतावे. अंधारात रस्त्याची कड कळत नसेल, तरीही परतावे.

नरेंद्रनगरचा रेल्वे पुलाखालचा मार्ग किंवा लोहापूल अशा खोलगट ठिकाणी पाण्याचा पृष्ठभाग सपाट असतो, पण रस्ता खाली उतरत जातो. आरंभी घोट्याएवढे असलेले पाणी मध्यभागी छातीएवढे असू शकते. पुढची बस पार झाली म्हणून मोटारीने मागे जाऊ नये. बसच्या लाटेनेही पाणी इंजिनच्या हवेच्या नळीपर्यंत चढते.

इंजिन पाण्यात बंद पडले, तर पुन्हा चालू करू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दबत नाही. पिस्टन त्यावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात इंजिन पुन्हा चालू केल्यामुळे झालेली ही हानी नेहमीच्या विमा पॉलिसीत बहुधा बसत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी पुरवणी घ्यावी लागते, ती पॉलिसीत आहे की नाही हे पावसाळ्यापूर्वी पाहून ठेवावे.

आणि पाणी चढत असेल, तर मोटारीचा मोह सोडून आधी काच खाली घ्यावी. दाराच्या खालच्या कडेवर अर्धा मीटर पाणी चढले, की दारावर बाहेरून सुमारे सव्वाशे किलोचा दाब येतो आणि ते आतून ढकलता येत नाही. खिडकीतून बाहेर पडून उंच जागा गाठावी. मोटारीची किंमत विम्याच्या कागदावर आकड्यांत लिहिलेली असते. आत बसलेल्यांची तशी लिहिता येत नाही.