सात लाखांचा एकच रकाना

शाळेची दुमजली इमारत, अठरा हजार चौरस फूट बांधकाम. आग, वीज, भूकंप, पूर, वादळ हे सगळे धरून तिच्या वर्षभराच्या विम्याला जीएसटीसह ४२,४८० रुपये लागतात. त्याच शाळेच्या आवारात उभी असलेली चाळीस आसनी बस घ्या. तिच्या फक्त थर्ड पार्टी विम्याला ४९,५५१ रुपये लागतात, आणि अशा चार बस आहेत. विम्यावरचा खर्च मालमत्तेच्या किमतीप्रमाणे वाटला जात असेल असा बहुतेक विश्वस्तांचा समज असतो. प्रत्यक्षात तसे होत नाही, हे हा खर्च एका कागदावर आल्याशिवाय कळत नाही.

सांगलीकडच्या एका विनाअनुदानित शाळेचे अंतर्गत हिशेब मी तपासतो. तिथे पूर्वी विमा चार ठिकाणी विखुरलेला असे. इमारतीचा विमा ‘देखभाल-दुरुस्ती’त, बसचा ‘वाहतूक’ खात्यात, कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता ‘आस्थापना’ खर्चात आणि संगणकांचा ‘प्रयोगशाळा’ खात्यात. शाळेच्या भाऊसाहेबांनी, म्हणजे मुख्य लिपिकांनी, ही चारही खाती उलगडून एका तक्त्यात मांडली. बसचे सगळे मिळून २ लाख ९० हजार, कर्मचाऱ्यांचा गट आरोग्य व अपघात विमा ३ लाख ४५ हजार, इमारत ४२ हजार, इलेक्ट्रॉनिक उपकरणे २२ हजार. बेरीज सात लाखांच्या घरात गेली. शालेय शिक्षणाच्या शुल्कावर जीएसटी नसल्यामुळे विम्यावर भरलेला अठरा टक्के कर शाळेला वळता करून घेता येत नाही. त्यामुळे तोही खर्चातच धरायचा.

पण नुसती बेरीज करून अंदाजपत्रक होत नाही. गेल्या वर्षीच्या हप्त्यावर दहा टक्के चढवून आकडा लिहिण्याची जी पद्धत आहे तिच्यात मूळ प्रश्नच सुटून जातो. तो म्हणजे विमा किती रकमेचा उतरवला आहे आणि ती रक्कम आली कुठून.

या इमारतीचा विमा बरीच वर्षे २ कोटी २० लाखांचा होता. हा आकडा ताळेबंदातून उचललेला होता. दरवर्षी घसारा वजा होत होत पुस्तकी किंमत तिथवर आली होती. पण इमारत जळाली किंवा खचली तर ती पुस्तकी किमतीत पुन्हा बांधून मिळत नाही. स्थापत्य अभियंत्याकडून आजच्या बांधकाम खर्चाचा दाखला घेतला तेव्हा चौरस फुटाला दोन हजार रुपये, म्हणजे ३ कोटी ६० लाख आले. जमिनीची किंमत यात धरायची नाही, कारण जमीन जळत नाही.

कमी रकमेच्या विम्याचा फटका इमारत पूर्ण पडली तरच बसतो असे लोकांना वाटते. तो किरकोळ नुकसानीतही बसतो. समजा, तळमजल्यात पाणी शिरून नऊ लाखांचे नुकसान झाले. हे नुकसान २ कोटी २० लाखांच्या आतच आहे, मग पूर्ण भरपाई मिळायला हरकत नाही, असे वाटते. पण सर्वेक्षक आधी विचारतो, इमारतीची खरी किंमत काय? ३ कोटी ६० लाखांच्या वास्तूचा विमा २ कोटी २० लाखांचा असेल, तर प्रत्येक नुकसानीतला उरलेला वाटा संस्थेनेच स्वतःकडे ठेवला असे धरले जाते. नऊ लाखांवर त्या प्रमाणात साडेपाच लाख मिळतात. साडेतीन लाख संस्थेच्या खिशातून जातात. एप्रिल २०२१ पासून पाच कोटींपर्यंतच्या अशा मालमत्तांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही ठरावीक पॉलिसी आहे. तिच्यात पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ केली जाते. इथली तूट एकोणचाळीस टक्के होती.

ही तूट भरून काढायला किती लागले? मिळालेल्या कोटेशनमध्ये दर हजाराला सुमारे एक रुपया होता. म्हणजे २५,९६० चे ४२,४८० झाले, वाढ साडेसोळा हजारांची. ही वाढ ज्या बैठकीत मंजूर झाली त्याच बैठकीत स्नेहसंमेलनाच्या मांडवाचा खर्च याहून जास्त मंजूर झाला, एवढे नमूद करून पुढे जातो.

बसच्या बाबतीत उलट आहे. तिथे दराची घासाघीस करायला फारशी जागाच नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि त्याचे दर सरकार ठरवते. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या दरांनुसार शैक्षणिक संस्थेच्या बसला १२,१९२ रुपये मूळ हप्ता आणि प्रत्येक आसनामागे ७४५ रुपये. चाळीस आसनांचे ४१,९९२, त्यावर कर. इतर बसला हेच आकडे १४,३४३ आणि ८७७ असे आहेत. म्हणजे शाळेच्या बसला साधारण पंधरा टक्के सवलत आहे, पण ती आपोआप मिळत नाही.

चौथी बस संस्थेने एका ट्रॅव्हल्सवाल्याकडून जुनी घेतली होती. पिवळा रंग झाला, शाळेचे नाव लिहून झाले, खिडक्यांना आडवे गज बसले. पॉलिसीचा कागद मात्र भाऊसाहेबांनी बाकीच्या तीन बसच्या कागदांशेजारी ठेवून पाहिला तेव्हा ‘वाहनाचा वर्ग’ या रकान्यात फरक दिसला. आरसी बुकात वर्ग बदलून घ्यायचे राहिले होते, आणि विमा कंपनी आरसीवरूनच पॉलिसी काढते. कर धरून जवळजवळ पावणेनऊ हजार दरसाल जास्त जात होते. पैशापेक्षा दुसरी गोष्ट गंभीर होती. एका वर्गाचा कागद आणि दुसऱ्याच प्रकारचा वापर असेल तर अपघातानंतर दाव्यात वाद उभा राहायला तेवढे पुरते. म्हणून आता नूतनीकरणाचा कागद आला की हप्त्याच्या आधी चार रकाने वाचायचे: वर्ग, आसनसंख्या, चॅसी क्रमांक आणि चालक व मदतनीस यांच्या जबाबदारीचा जादा हप्ता भरला आहे का.

बसच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग वेगळा. त्यात दावा न केल्याबद्दलची सूट वीस टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंत चढत जाते. एका बसला पंचेचाळीस टक्के सूट आहे आणि हा भाग करासह तेवीस हजारांच्या आसपास पडतो. बंपर आणि आरशाचे बारा हजारांचे बिल घेऊन चालक आला, तेव्हा भाऊसाहेबांनी त्याला सांगितले, “दादा, क्लेम करायचा नाही. हे दुरुस्ती खात्यातून देऊ.” कारण दावा केला तर ही सूट जाते आणि पुढच्या वर्षी साधारण पावणेएकोणीस हजार जास्त भरावे लागतात, शिवाय सूट परत चढायला काही वर्षे जातात. असा निर्णय घ्यायचा तर अंदाजपत्रकात विम्याच्या शेजारीच किरकोळ दुरुस्तीची तरतूद हवी. नाहीतर पैसे नाहीत म्हणून दावा केला जातो.

आता तारखा. शाळेचा पैसा जून-जुलैमध्ये आणि पुन्हा दिवाळीनंतर येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बँकेत पगारापुरतेच असते. चारपैकी दोन बस मार्चमध्ये घेतलेल्या, म्हणून त्यांचे विमे मार्चमध्येच संपतात. सगळ्या पॉलिसी एकाच तारखेला आणाव्यात असा सल्ला काही एजंट देतात. लक्षात ठेवायला ते सोपे आहे, पण सात लाख एकदम काढण्याची ताकद या शाळेत नाही. म्हणून तारखा वेगवेगळ्याच ठेवल्या आणि पैसा एकत्र केला. दरमहा ५८ हजार रुपये विम्याच्या वेगळ्या बचत खात्यात जातात आणि त्याला दुसऱ्या कशासाठीही हात लावायचा नाही. पोटखाती मात्र ठेवली आहेत, कारण बसचा विमा बस शुल्कातूनच निघायला हवा. तो पायी येणाऱ्या मुलांच्या फीवर पडू नये.

दोनच तारखा मुद्दाम हलवल्या. इमारतीची पॉलिसी जुलैअखेर संपत असे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चा पूर पाहिलेल्या भागात ही वेळ सोयीची नाही. पाणी चढत असताना चार दिवसांचा जरी खंड पडला, तरी त्या दिवसांतले नुकसान संस्थेचेच, आणि पूर दारात आल्यावर नवी जोखीम घ्यायला कोणती कंपनी पुढे येईल? नवी पॉलिसी आधी सुरू करून मग जुनी बंद केली, आणि तारीख मेच्या मध्यावर आणली. तेव्हा शाळेला सुट्टी असते, अभियंत्याला गच्चीपासून पायापर्यंत बघायला वेळ मिळतो.

कर्मचाऱ्यांचा गट विमा एप्रिलमधून जुलैमध्ये नेला, कारण नव्या नेमणुका जूनमध्ये होतात. एप्रिलला दिलेली यादी जूनमध्ये शिळी होत असे. वर्षाच्या मध्येच रुजू झालेल्या शिक्षकाला आणि त्याच्या कुटुंबाला विम्यात घ्यायचे तर उरलेल्या दिवसांचा हप्ता लागतो. तो कंपनीकडे आगाऊ ठेवलेल्या रकमेतून, सगळे ज्याला सीडी खाते म्हणतात त्यातून, वळता होतो. त्या खात्यात शिल्लक नसेल तर नाव पाठवून उपयोग नाही. विमा अधिनियम, १९३८ च्या ६४ व्हीबी कलमाप्रमाणे हप्ता हातात पडल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही. ईमेल पाठवली, पोचही आली, तरी पैसे नसतील तर तो शिक्षक विम्याबाहेरच असतो. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सीडीची शिल्लक पाहणे हे दिनदर्शिकेतले एक स्वतंत्र काम आहे.

या विम्याचा पुढचा हप्ता गेल्या वर्षीच्या दाव्यांवर ठरतो. नऊ महिने झाले की कंपनीकडून दाव्यांचा तपशील मागवायचा. तीन लाखांच्या हप्त्यावर पावणेतीन लाखांचे दावे झाले असतील तर वाढ अटळ आहे, हे जुलैमध्ये कळण्यापेक्षा एप्रिलमध्ये कळलेले बरे.

उपकरणांचा प्रश्न लवकर सुटतो. आगीच्या पॉलिसीत शॉर्ट सर्किटमुळे लागलेली आग धरली जाते, पण ज्या यंत्रात तो दोष झाला ते यंत्र धरले जात नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणांची वेगळी पॉलिसी लागते, आणि तिच्यात आज नवे घ्यायला लागणारी किंमत लिहावी लागते. आठ वर्षांचे संगणक मी यादीतून काढायला लावले. दाव्यातली सुरुवातीची ठरावीक रक्कम स्वतः सोसायची असते, ती वजा जाता त्यांच्यात मिळण्यासारखे काही उरत नाही.

दिनदर्शिकेत प्रत्येक पॉलिसीसमोर संपण्याची तारीख शेवटी येते. तिच्या साठ दिवस आधी विम्याची रक्कम तपासायची, पंचेचाळीस दिवस आधी कोटेशने मागवायची, महिनाभर आधी कार्यकारिणीची मंजुरी घ्यायची, आठवडाभर आधी पैसे भरायचे आणि पॉलिसी हातात आली की रकाने वाचायचे. यातली मंजुरीची पायरी सगळ्यात जास्त अडते, कारण गणसंख्या होत नाही म्हणून बैठक पुढे जाते. यंदा त्यावर एक ठराव झाला. विम्याच्या रकान्यातल्या कोणत्याही नूतनीकरणाचा हप्ता अंदाजापेक्षा दहा टक्क्यांच्या आत वाढला असेल, तर खजिनदार आणि मुख्याध्यापक मिळून तो भरू शकतात. माहिती पुढच्या बैठकीत द्यायची. त्याहून जास्त वाढला तर मात्र कोटेशने घेऊन बैठकीतच यायचे.