घाई केली की स्ट्रायकर जातो

आठ वर्षांच्या चुळबुळ्या मुलाला बुद्धिबळाच्या पटासमोर बसवलं तर पहिली अडचण अशी येते, की त्याच्या घाईची शिक्षा त्याला दिसतच नाही. वजीर उगाच पुढे काढला याची किंमत दहा चालींनी मोजावी लागते, तोवर तो कधीच उठून गेलेला असतो. कॅरममध्ये हा हिशेब दोन सेकंदांत होतो. शिवाय हातापायांना काहीतरी करायला मिळतं, गुडघ्यावर उभं राहता येतं, बोर्डाच्या कडेला रेलता येतं. म्हणून अशा मुलासाठी मी आधी कॅरम काढेन.

बोर्डावर घाई कशी अंगाशी येते ते पाहू. समोरच्या कोपऱ्यातल्या भोकाच्या अगदी तोंडाशी पांढरी सोंगटी आहे. मुलाला ती फुकटची वाटते आणि तो सगळा जोर लावून टिचकी मारतो. सोंगटी जाते, पण तिच्यामागोमाग स्ट्रायकरही जातो. यात नशिबाचा भाग थोडाच. सोंगटीचं वजन साधारण 5 ग्रॅम, स्ट्रायकरचं 15 ग्रॅमपर्यंत. तिप्पट जड वस्तू हलक्या वस्तूवर सरळ आदळली की थांबत नाही, जवळजवळ निम्मा वेग घेऊन त्याच दिशेने पुढे जाते. आणि ती दिशा भोकाचीच असते. दंड म्हणून आधी घातलेली एक सोंगटी पुन्हा मध्ये ठेवावी लागते.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही मुलाला सांगण्यापेक्षा करून दाखवावेत. एक, इतकं हळू मारायचं की सोंगटीला लागल्यावर स्ट्रायकरचा उरलेला वेग बोर्डावरच विरून जाईल. दोन, सोंगटीला मधोमध न मारता किंचित कडेला लावायचं, म्हणजे सोंगटी भोकात आणि स्ट्रायकर शेजारच्या लाकडी कडेवर. डाव मांडण्याआधी एकच सोंगटी भोकाजवळ ठेवून ‘ही घाल, पण स्ट्रायकर बाहेर राहिला पाहिजे’ एवढंच सांगावं. मुलं याला सराव समजत नाहीत, पैज समजतात.

हळू मारणं जमायचं तर बोर्ड मात्र गुळगुळीत हवा. पावसाळ्यात दमट झालेल्या, पावडर न टाकलेल्या बोर्डावर जोर लावल्याशिवाय सोंगटी हलत नाही, मग मूल जोरच लावायला शिकतं. अनेक घरांत धीर नसल्याचा ठपका मुलावर येतो आणि दोष बोर्डाचा असतो.

खेळ कोणता, यानेही फरक पडतो. आपल्याकडे घरोघरी पॉइंटचा डाव चालतो: जी सोंगटी दिसेल ती घाला, रंगाप्रमाणे पॉइंट मोजा. चंचल मुलासाठी तो सोयीचा नाही, कारण त्यात थांबण्याचं काही कारणच उरत नाही. काळी-पांढरी खेळावी. नऊ आपल्या, नऊ समोरच्याच्या, मध्ये राणी.

खरा कस राणी लावते. समजा मुलाच्या चार पांढऱ्या उरल्या आहेत आणि राणी डाव्या भोकासमोर आलीय. ती घेण्याचा मोह आवरत नाही. पण राणी घेतली की त्याच किंवा लगेचच्या फटक्यात आपली एक सोंगटी घालून ती ‘कव्हर’ करावी लागते, नाहीतर राणी पुन्हा मध्यावर. चारही पांढऱ्या काळ्यांच्या गर्दीत अडकल्या असतील तर राणी घेणं म्हणजे ती परत देणंच. एक पांढरी आधी भोकाच्या तोंडाशी आणून ठेवायची, त्यासाठी एक पाळी वाया घालवायची, मग राणीला हात लावायचा. मोठ्यांनी तेव्हा सल्ला न देता फक्त विचारावं, “हिच्यानंतर कुठली घालणार?” उत्तर नसेल तरी खेळू द्यावं. राणी परत मध्ये आलेली त्याला दिसेलच.

सर्वांत अवघड असतं समोरच्याची पाळी संपण्याची वाट पाहणं. सोंगटी जात राहिली की पाळी चालूच राहते, त्यामुळे हात बसलेला काका सलग पाच-सहा घालतो आणि मूल पाय आपटू लागतं. अशा वेळी काकाने डाव्या हाताने खेळावं, किंवा एका पाळीत दोनच सोंगट्या असा घरचा नियम करावा. सुरुवातीला रोज एकच बोर्ड पुरे. हरल्यावर लगेच दुसरा मांडला, तर तो रागाच्या भरात खेळला जातो आणि त्यात फक्त जोर वाढतो.

फरक पडतोय हे ओळखायची खूण गुणांत शोधू नये. टिचकीसाठी वाकवलेलं बोट मागे घेऊन मूल स्ट्रायकर रेषेवर थोडा सरकवतं का, ते पाहावं.

बोर्डावरचा हा धीर गणिताच्या वहीत आपोआप उतरेल, असं मात्र धरून चालू नये. इंग्लंडमध्ये 100 शाळांना घेऊन बुद्धिबळाच्या वर्गांची मोठी चाचणी झाली होती. 2016 साली तिचा निष्कर्ष आला, तेव्हा वर्षभरानंतर मुलांच्या गणितात काही फरक आढळला नाही. आणि वर्गात, जेवताना, झोपताना, कुठेच स्वस्थता नसलेल्या मुलाला आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. कॅरम त्यानंतरही खेळता येतो.