मीनलची नीलम: केकच्या फोटोतलं नाव बदलताना

घरून केक करून विकणाऱ्यांना एक अडचण हमखास येते. केक झकास जमलेला असतो, फोटोही छान आलेला असतो, पण वर नाव असतं गिऱ्हाइकाचं. तोच फोटो आपल्या कार्डावर वापरायचा तर नाव बदलायला हवं. मग फोटोशॉपमध्ये जुनं नाव पुसून एखाद्या वळणदार फॉन्टमध्ये नवं टाइप केलं जातं आणि बघणाऱ्याला पहिल्या नजरेतच कळतं, की हे क्रीम नव्हे.

एक उदाहरण घेऊ. पांढऱ्या व्हिप्ड क्रीमवर लाल क्रीमने ‘मीनल’ लिहिलेलं आहे आणि आपल्याला ‘नीलम’ हवं आहे. म, न, ल आणि वेलांटी, सगळा माल फोटोतच हजर! अक्षरं कापून जागा बदलल्या की झालं, असं वाटतं. पण केकवरचं नाव बहुधा किंचित कमानीत लिहिलेलं असतं. पहिलं अक्षर डावीकडे झुकलेलं, शेवटचं उजवीकडे. पहिला म उचलून शेवटी न्यायचा तर त्याला फिरवावं लागतं, आणि अक्षराबरोबर त्याच्या अंगावरची चकाकीही फिरते. खिडकी मात्र जागची हलत नाही. दोन अक्षरांवर प्रकाश एका बाजूने आणि एकावर भलत्याच बाजूने, असं चित्र तयार होतं. शिवाय शिरोरेघ एका दमात ओढलेली असते, तिचे तुकडे जुळत नाहीत. म्हणून जुनी अक्षरं रंग आणि पोत यांचा नमुना म्हणून जपून ठेवायची आणि नाव नव्याने उभं करायचं.

आधी पुसण्याचं काम. मूळ फोटोला हात न लावता वर रिकामा लेअर घ्यावा आणि `Healing Brush`ला `Current & Below` सांगावं. हा ब्रश आजूबाजूचा रंग ओढून घेतो, त्यामुळे लाल अक्षराला खेटून चालवला तर पांढऱ्यात गुलाबी डाग पडतात. आधी `Clone Stamp`ने शेजारचं क्रीम आणून अक्षर पुरतं झाकावं, मग हीलिंगने सांधे मिटवावेत. नमुना घेताना खिडकीपासून तेवढ्याच अंतरावरचं क्रीम घ्यायचं, कारण केकचा वरचा भाग एकसारखा पांढरा नसतो. अक्षराची सावली आणि लाल रंगाचा क्रीममध्ये उतरलेला ओघळ हमखास मागे राहतो. वर तात्पुरता `Curves`चा लेअर ठेवून कॉन्ट्रास्ट खूप वाढवला की ‘मीनल’चं भूत दिसतं. ते दिसेनासं होईपर्यंत पुढे जाऊ नये.

आता नवं नाव. इथे फॉन्ट नको. बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये बोरूच्या वळणाची जाड-बारीक रेघ असते. गोल नोझलमधून किंवा बटर पेपरच्या कोनातून येणारी क्रीमची रेघ मात्र जवळजवळ एकाच जाडीची असते. फक्त जिथे हात सुरू होतो तिथे छोटा गोळा बसतो, कारण पिशवी आधी दाबली जाते आणि हात नंतर हलतो. जिथे नोझल उचलतात तिथे बारीक शेपटी निघते. तेव्हा पेन टूलने अक्षराच्या फक्त मधल्या रेघा काढाव्यात. त्याही लिहिणारी काढेल त्या क्रमाने: न ची गाठ आणि आडवी रेघ, मग काना, शेवटी शिरोरेघ.

केक तिरका टिपलेला असेल तर अक्षरं चपटी करावी लागतात. इथे बरेच जण चुकतात. रेघ जाड करून मग चपटी केली, तर आडव्या रेघा बारीक होतात. दोरी वरून पाहिली काय नि तिरकी पाहिली काय, जाडी तेवढीच दिसते, आणि क्रीमची रेघही दोरीसारखीच गोल असते. म्हणून आधी नुसता पाथ चपटा करायचा, नंतर `Stroke Path`ने गोल ब्रश फिरवायचा. ब्रशची जाडी जुन्या अक्षरावर मोजून घ्यावी. आपल्या फोटोत ती २४ पिक्सेल आहे असं धरू. प्रत्येक फटकारा वेगळ्या लेअरवर ठेवावा, कारण खऱ्या केकवर काना आडव्या रेघेवर चढतो आणि त्या सांध्याशी त्याची चिमूटभर सावली पडते. सगळं एकाच लेअरवर काढलं तर सांधे सपाट होतात.

फुगीरपणासाठी `Bevel & Emboss` लागतं. `Inner Bevel`, `Smooth`, आकार रेघेच्या निम्मा, म्हणजे १२ पिक्सेल, आणि `Soften` सढळ. `Use Global Light` बंद ठेवून कोन फोटोवरून ठरवावा. केकवरच्या चेरीची सावली उजवीकडे आणि थोडी आपल्याकडे पडली असेल, तर प्रकाश डावीकडून, जरा मागून आहे, म्हणजे साधारण १५० अंश. गडद बाजूला काळा रंग देऊ नये. क्रीमच्या आत प्रकाश थोडा शिरतो आणि पसरतो, त्यामुळे लाल क्रीमची सावली गडद लालच असते. चकाकीही शुभ्र नको, फिकट गुलाबी हवी.

एवढ्यावर थांबलं तर नाव प्लॅस्टिकचं दिसतं, कारण सगळीकडे चकाकीची पट्टी एकसारखी आणि अखंड येते. व्हिप्ड क्रीम निस्तेज असतं, त्यात हवेचे बारीक बुडबुडे असतात, म्हणून त्याची चकाकी रुंद, मऊ आणि तुटक असते. पायपिंग जेलची मात्र अरुंद आणि लखलखीत. नक्कल कशाची करतोय ते आधी ठरलेलं हवं. `Create Layers`ने इफेक्ट सुटा करून त्यावर मास्क घ्यावा आणि चकाकी हलक्या ब्रशने जागोजागी पुसावी: काना जिथे थरथरला तिथे, सांध्यापाशी, शेपटीकडे. वळणावर, जिथे रेघेचा फुगवटा खिडकीकडे तोंड करतो, तिथे ती राहू द्यावी. पोत मात्र हाताने रंगवत बसू नये. जुन्या म च्या अंगावरची दाणेदार साय `Clone Stamp`ने उचलून नव्या रेघेवर फिकट फिरवली की काम होतं. इथे जुनं नाव खऱ्या अर्थाने उपयोगी पडतं.

शेवटी रेघेला चिकटून एक अरुंद गडद सावली, तिच्याबाहेर एक पसरट फिकट सावली, आणि पांढऱ्या क्रीमवर लालाची किंचित झाक. मग मूळ फोटोइतकाच धूसरपणा आणि कॅमेऱ्याचा कण मिसळायचा. अक्षरांच्या कडा मागच्या क्रीमपेक्षा धारदार राहिल्या, तर बाकी सगळी मेहनत फुकट जाते. तपासायला फोटो आडवा उलटा करून आणि कृष्णधवल करून पाहावा. रंगाची भुरळ गेली की चुकीचा प्रकाश लगेच डोळ्यात भरतो.

ही युक्ती साध्या गोल रेघेवरच चालते. नाव चांदणीच्या नोझलने खाचा पाडून लिहिलं असेल, किंवा केकवर आरशासारखं ग्लेझ असून त्यात अक्षरांचं प्रतिबिंब पडत असेल, तर फोटोशॉपचा नाद सोडावा. पारदर्शक अॅसिटेट शीटवर ‘नीलम’ लिहावं, त्याच खिडकीपाशी, त्याच कोनातून फोटो काढावा आणि तो जुन्या केकवर बसवावा. खाचांवरचा प्रकाश तरी त्यात आयता आणि खरा मिळतो.