लिंक दिसते, प्रत मिळत नाही

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्यामुळे सप्टेंबरच्या सुमारास सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गूगल ड्राइव्हच्या लिंका फिरू लागतात. ताळेबंद, मागच्या सभेचं इतिवृत्त, रंगकामाची कोटेशनं, सगळं काही. कागद वाचतो, झेरॉक्स वाचते, चांगली सोय आहे. पण त्यातल्या बऱ्याच लिंका फक्त बघण्यासाठी असतात. सभासद कागद उघडतो, वाचतो, मग आपल्या ओळखीच्या सीएला दाखवायला म्हणून डाउनलोड करू जातो आणि तिथे अडतो.

समजा, ठाण्यातली ४८ सदनिकांची एक सोसायटी आहे. सेक्रेटरींनी एका फोल्डरमध्ये तीन फायली टाकल्या: लेखापरीक्षकांच्या सहीचा ताळेबंद पीडीएफमध्ये, गेल्या वर्षाच्या सभेचं इतिवृत्त गूगल डॉकमध्ये आणि रंगकामाच्या कोटेशनांचा तुलनात्मक तक्ता शीटमध्ये. दुसऱ्या मजल्यावरच्या एका सभासद बाईंना ताळेबंद आणि इतिवृत्त पुण्यातल्या भावाला पाठवायचंय. निधीचा एक ठराव झाला होता, तो आकड्यांत उतरला की नाही, हे तो सांगणार आहे. आता त्यांनी काय करावं?

पहिलं काम म्हणजे नेमकं काय बंद आहे ते बघणं. गूगल डॉकच्या वरच्या बाजूला View only असं लिहिलेलं दिसलं की अनेकजण हात टेकतात. वास्तविक त्याचा अर्थ एवढाच की तुम्हाला मजकूर बदलता येत नाही. डाउनलोड हा वेगळा मुद्दा आहे आणि मालकाने मुद्दाम बंद केलेला नसेल, तर बघणाऱ्यालाही तो उघडाच असतो. संगणकावर File मेनूत Download वर जावं, तिथे PDF Document (.pdf) निवडावं, काम झालं. ड्राइव्हमध्ये उघडलेल्या पीडीएफला वर उजवीकडे खाली जाणाऱ्या बाणाचं चिन्ह असतं. व्हॉट्सअॅपमधून लिंक दाबली की ती कधीकधी लॉगिन नसलेल्या ब्राउझरमध्ये उघडते आणि तिथे मेनू अपुरा दिसतो. तेव्हा आपल्या गूगल खात्याने, शक्यतो संगणकावर, पुन्हा एकदा उघडून पाहावं. निम्मी कुरकुर इथेच मिटते, असं माझं मत आहे.

मालकाने डाउनलोड खरोखरच बंद केलं असेल, तर Download, प्रिंट आणि प्रत करण्याचे पर्याय फिके पडलेले असतात किंवा दिसतच नाहीत. मजकूर निवडून कॉपी करायला गेलं तरी होत नाही. याच्याशी आणखी दोन गोष्टींची गल्लत होते. फाइल उघडतच नाही आणि परवानगी मागा असा पडदा येतो, तेव्हा बहुधा आपण दुसऱ्याच ईमेलने आत शिरलेलो असतो. ऑफिसचं खातं आणि घरचं खातं एकाच फोनवर असलं की हे हमखास होतं. आणि एखादी फाइल फार लोकांनी थोड्या वेळात उघडली की काही काळ ती बघता किंवा डाउनलोड करता येणार नाही, असा संदेश येतो. तिथे मालकाने काही बंद केलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करायचा किंवा मालकाला नवीन प्रत चढवायला सांगायचं, एवढंच.

आपल्या उदाहरणात बाईंना ताळेबंद लगेच डाउनलोड झाला. इतिवृत्त आणि कोटेशनांचा तक्ता मात्र बंद होते. एकाच फोल्डरमध्ये असं का, तर हा पर्याय फाइलनिहाय लावता येतो. सेक्रेटरींनी दोन फायलींवर लावला आणि तिसरीवर लावला नाही, किंवा विसरले.

इथे एक बटण फार घोटाळा करतं. View only वर दाबलं की Request edit access असा पर्याय येतो आणि माणूस भाबडेपणाने तेच दाबतो. सेक्रेटरींना मेल जातो की अमुक सभासदाला इतिवृत्तात बदल करायचे आहेत. सेक्रेटरी दचकतात, नाही म्हणतात, आणि सभेच्या आधीच मनात अढी बसते. मागायची होती प्रत, मागितला गेला संपादनाचा अधिकार. म्हणून हे बटण टाळावं आणि सरळ निरोप लिहावा. उदाहरणार्थ: ‘नमस्कार साहेब, फोल्डरमधलं मागच्या सभेचं इतिवृत्त मला बघता येतंय, पण डाउनलोड होत नाही. त्याची पीडीएफ प्रत मेलवर पाठवाल का? निधीचा ठराव ताळेबंदाशी ताडून बघायचा आहे, माझ्या भावाशिवाय कोणाला दाखवणार नाही. मला बदल करण्याची परवानगी नको.’ कोणती फाइल, कोणत्या रूपात, कशासाठी, आणि काय नको, हे चारही त्यात आलं. शेवटचं वाक्य सगळ्यांत उपयोगी.

सेक्रेटरींच्या बाजूने हे काम दोन मिनिटांचं आहे. फाइल उघडून Share दाबायचं, त्या चौकटीतलं दातेरी चाकाचं चिन्ह दाबायचं, आणि बघणाऱ्यांना डाउनलोड, प्रिंट व कॉपीचा पर्याय दिसावा की नाही, त्या चौकोनात खूण करायची. पण तसं केलं तर ज्याच्याकडे लिंक आहे त्या प्रत्येकाला दार उघडतं. एकाच सभासदाला प्रत द्यायची असेल, तर सेक्रेटरींनी स्वतः पीडीएफ उतरवून मेलला जोडणं बरं. गूगल डॉक सर्वांसाठी खुला केलाच, तर थेट पीडीएफ देणारी लिंकही बनवता येते. पत्त्यातल्या ओळखक्रमांकानंतरचा भाग काढून असं लिहायचं:

```
https://docs.google.com/document/d/FILE_ID/export?format=pdf
```

FILE_ID च्या जागी त्या फाइलचा लांबलचक क्रमांक येतो. वयस्कर सभासदांना मेनू शोधत बसावं लागत नाही, दाबलं की फाइल उतरते. मालकाने डाउनलोड बंद ठेवलं असेल तर ही लिंक चालत नाही, आणि तसंच असायला हवं.

‘लिंक आहेच की, प्रत कशाला हवी?’ असं काही सेक्रेटरी विचारतात. प्रश्न रास्त वाटतो, पण लिंकमागचा कागद बदलू शकतो. गूगल डॉक आज वाचलं तेच उद्या तिथे असेल, याची खात्री नसते आणि आधीची आवृत्ती काय होती, ते फक्त बघण्याची परवानगी असलेल्याला दिसत नाही. पीडीएफसुद्धा यातून सुटत नाही. ड्राइव्हमध्ये Manage versions वापरून जुन्या पीडीएफच्या जागी नवीन ठेवली, तरी लिंक तीच राहते. कोणी हे मुद्दाम करतं असं मला म्हणायचं नाही, बहुतेकदा टंकलेखनाची चूक दुरुस्त केलेली असते. पण सभेत ‘परवा तर वेगळा आकडा होता’ म्हणून कोणी उठलं, तर सिद्ध कसं करणार? तारखेसह हातात असलेली प्रत दोघांनाही वाचवते.

आता अधिकाराचा भाग. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सभासदाला संस्थेचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफातोटा पत्रक, सर्वसाधारण सभेची आणि समितीच्या सभांची इतिवृत्तं, तसंच स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी बघता येतात, आणि लेखी अर्ज करून ठरलेली फी भरली की त्यांच्या प्रती मिळतात. म्हणजे इतिवृत्ताच्या फाइलवर डाउनलोड बंद ठेवून सेक्रेटरींना काही साधत नाही. ड्राइव्हवरचं कुलूप सभासदाचा कायदेशीर हक्क कमी करत नाही. निरोपाला उत्तर आलं नाही, तर अर्ज सोसायटीच्या कार्यालयात द्यावा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. तरीही दाद लागली नाही, तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. काहीजण एकदम माहिती अधिकाराचा अर्ज सोसायटीलाच टाकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळमधल्या थलप्पलम सहकारी बँकेच्या खटल्यात स्पष्ट केलं की, सहकारी संस्था केवळ सहकार कायद्याखाली नोंदलेली आहे म्हणून ती माहिती अधिकाराखालचं सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. त्यामुळे हा अर्ज सोसायटीकडे सहसा चालत नाही. निबंधकांच्या दप्तरी जे कागद आहेत, ते मात्र त्या कार्यालयाकडून मागता येतात.

कोटेशनांच्या तक्त्याचं वेगळं आहे. निर्णय व्हायच्या आधी एका ठेकेदाराचा दर दुसऱ्याच्या हाती गेला, तर नुकसान सोसायटीचंच. अशा वेळी सेक्रेटरींनी डाउनलोड बंद ठेवलं असेल, तर ते समजून घ्यावं आणि प्रत हट्टाने न मागता सभेआधी कार्यालयात बसून तक्ता बघण्याची वेळ मागावी, निर्णयानंतर प्रत मिळेल का ते विचारावं. इंजिनिअरचा अहवाल, वास्तुविशारदाचे नकाशे यांना आणखी एक पदर आहे. फाइल सेक्रेटरींच्या ड्राइव्हवर असली तरी त्यावरचा कॉपीराइट त्या व्यावसायिकाचा असू शकतो. ड्राइव्हच्या भाषेतला मालक म्हणजे फाइलचा मालक, मजकुराचा असेलच असं नाही. सोसायटीशी झालेल्या करारात काय ठरलंय, ते त्यासाठी बघावं लागतं.

इंटरनेटवर कुलूपबंद फायली उतरवून देणारी साधनं आणि एक्स्टेन्शनं पुष्कळ सापडतात. त्यातली कित्येक आपल्या गूगल खात्यात शिरण्याची परवानगी मागतात, म्हणजे एका इतिवृत्तासाठी आपला सगळा मेल परक्याच्या हाती. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेलं ६५अ हे कलम उल्लंघनाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगतं. कुलूप पक्कं असतं असंही नाही. पडद्याचा फोटो कोणीही काढू शकतं, आणि डाउनलोड बंद केलं म्हणून इतर मार्गांनी होणारी नक्कल थांबत नाही, हे गूगललाही मान्य आहे. पण असा अर्धामुर्धा फोटो सीएला पाठवून उपयोग काय? ना सगळी पानं, ना सह्या नीट, ना तो अधिकृत.

एक अडचण बहुतेकांच्या लक्षात उशिरा येते. फोल्डर जुन्या सेक्रेटरींच्या खासगी जीमेलवर असतो. समिती बदलते, ते गाव बदलतात, त्यांचं १५ जीबीचं फुकट खातं भरतं आणि ते जुन्या फायली उडवतात. मग लिंकही जाते आणि कोणाकडे प्रत मागायची तेही उरत नाही. उपाय दोन आहेत. सोसायटीच्या नावाने वेगळं खातं काढून कागद तिथे ठेवावेत, आणि जुन्या सेक्रेटरींनी जायच्या आधी फायलींची मालकी त्या खात्याकडे सोपवावी. समोरच्या खात्याने स्वीकारल्याशिवाय खासगी खात्यांमधलं हे हस्तांतरण पूर्ण होत नाही, म्हणून दोघांनी एकत्र बसून ते करावं.

माझं मत विचाराल तर ताळेबंद आणि इतिवृत्त सभेच्या सूचनेसोबत पीडीएफ म्हणूनच सर्वांना जावं. सभासदांच्या थकबाकीचा तपशील किंवा फोन नंबर त्यात असतील, तर ती पानं वेगळी ठेवावीत. आदर्श उपविधींप्रमाणे वार्षिक सभेची सूचना १४ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा वाचायला वेळ मिळतो. तुमच्या सोसायटीची सूचना आली असेल, तर लिंक आजच उघडून बघा आणि प्रत हवी असेल तर सभेच्या आदल्या रात्री नव्हे, आताच मागा.