बेवारस रिमोट कोणत्या यंत्राचा?

टीव्हीखालच्या खणात चार-पाच रिमोट पडलेले असतात आणि त्यातल्या एक-दोघांचे यंत्र कोणते, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. कंपनीचे नाव पुसलेले, मागचे झाकण हरवलेले. असा रिमोट एकेका यंत्रापुढे धरून बघत बसण्यापेक्षा आधी त्याच्याकडेच नीट बघावे. त्याची बटणे आणि टोकाची गडद खिडकी यांवरून तो कोणत्या जातीच्या यंत्राचा आहे, हे बहुतेक वेळा सांगता येते. कंपनी मात्र त्यातून कळत नाही.

बटणे वाचताना पहिली गोष्ट म्हणजे पॉवर, आवाज आणि बाणांची बटणे सोडून द्यायची. ती जवळपास सगळ्यांकडे असतात, त्यामुळे त्यांच्याकडून काही कळत नाही. शोधायचे ते एखादे असे बटण, ज्याची गरज एकाच जातीच्या यंत्राला पडते. तबकडी बाहेर काढण्याचे बटण, म्हणजे त्रिकोण आणि त्याखाली आडवी रेघ, डीव्हीडी प्लेअरलाच लागते. त्याच्या जोडीला ‘Angle’ किंवा ‘Title’ दिसले की शंका उरत नाही. ‘Swing’ आणि ‘Mode’ एकत्र असतील तर एसी. एक ते पाच किंवा सहा आकडे, ‘Boost’ आणि तासांचा टायमर असेल, पण शून्य नसेल, तर तो छताच्या पंख्याचा. आकडे असूनही शून्य नाही याचा अर्थ ते चॅनेलचे आकडे नसून वेगाचे आहेत. पत्त्याएवढ्या पातळ रिमोटवर रंगीबेरंगी बटणांच्या रांगा आणि ‘Flash’, ‘Strobe’, ‘Fade’ असे शब्द दिसले तर तो दिवाळीत लावलेल्या रंगीत एलईडी पट्टीचा.

एसीचा रिमोट ओळखायला सगळ्यांत सोपा, कारण त्यावर जवळजवळ नेहमीच छोटा पडदा असतो. टीव्हीचा रिमोट ‘आवाज एक पायरी वाढव’ एवढेच सांगतो. एसीचा रिमोट मात्र प्रत्येक दाबाला सगळी स्थिती एकदम पाठवतो: कूलिंग चालू, तापमान चोवीस, पंखा मध्यम, झडप हलती. एसीकडून उलट निरोप येत नाही, म्हणून काय ठरवले आहे ते रिमोटनेच लक्षात ठेवून दाखवावे लागते. त्यासाठी पडदा. आणि म्हणूनच एसीचे दोन रिमोट घरात असले की एकावर चोवीस आणि दुसऱ्यावर सत्तावीस दिसू शकते. ज्याचे बटण शेवटी दाबले गेले त्याचे एसी ऐकतो.

खरी पंचाईत होते ती टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स यांच्या रिमोटमध्ये. मुंबईत 2012च्या नोव्हेंबरपासून केबल डिजिटल झाली आणि नंतर टप्प्याटप्प्याने राज्यभर. तेव्हापासून बहुतेक घरांत हे दोन रिमोट शेजारी नांदतात. दोघांवर आकडे, दोघांवर लाल-हिरवे-पिवळे-निळे बटण, दोघांवर चॅनेल पुढे-मागे.

समजा, हाती आलेला रिमोट काळा, लांबट आणि अक्षरे पुसलेला आहे. वरच्या टोकाला एक नाही, दोन पॉवरची बटणे. त्यातल्या एकाभोवती तीन-चार बटणांचा वेगळा गट, बाकीच्यांपासून रेघेने तोडलेला. मध्ये बाणांचे वर्तुळ, खाली आकडे आणि तळाशी एका बटणावर लाल ठिपका. तबकडीचे बटण नाही, म्हणजे डीव्हीडी बाद. लाल ठिपका म्हणजे रेकॉर्डिंग. दोन पॉवर बटणे निर्णायक आहेत: वेगळा गट टीव्हीला हुकूम द्यायला आणि बाकी सगळा पसारा बॉक्ससाठी. आता झीज बघा. आकडे गुळगुळीत झालेत, विशेषतः एक ते पाच. आपल्याकडे चॅनेल तीन-चार आकडी क्रमांकांनी लावतात, त्यामुळे बॉक्सचे आकडे आधी झिजतात. बॉक्स असलेल्या घरात टीव्हीच्या रिमोटवर आकडे कोरे राहतात आणि पॉवर, आवाज आणि ‘Source’ तेवढी झिजतात. झीज हा पुरावा छापील अक्षरांपेक्षा जास्त टिकतो, असे माझे मत आहे. तर हा रिमोट रेकॉर्डिंगची सोय असलेल्या सेट-टॉप बॉक्सचा.

आता खिडकी. रिमोटच्या टोकाशी गडद लाल किंवा काळे चकाकते प्लास्टिक असते आणि त्यामागे एक छोटा दिवा. त्याचा प्रकाश साधारण 940 नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. तो दर सेकंदाला सुमारे अडतीस हजार वेळा लुकलुकतो, म्हणजे यंत्राला खोलीतल्या ऊन-दिव्यांतून तो वेगळा ओळखता येतो. खिडकी दिसली नाही म्हणून दिवा नाही असे समजू नये, कारण काही रिमोटचे सगळे काळे अंगच या प्रकाशाला आरपार असते. पत्त्यासारख्या पातळ रिमोटला तर बहुधा खिडकीच नसते, टोकाला दिव्याचा मणी उघडा दिसतो.

हा प्रकाश मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा तो गाळला जातो, म्हणून सेल्फीचा कॅमेरा लावावा, दिवे मंद करावेत, टोक कॅमेऱ्याकडे धरून बटण दाबावे. पांढरट-जांभळी लुकलुक दिसली की रिमोट जिवंत आहे. बटण दाबून धरले तर टीव्ही किंवा बॉक्सचा रिमोट लुकलुकतच राहतो, तर एसीचा साधारणपणे दर दाबाला एकच झोत टाकून थांबतो. एसीच्या पडद्यावर आकडे दिसतात म्हणून सेल ठीक आहेत, असेही मानू नये. पडद्याला फार थोडी वीज लागते, दिव्याला एकदम जास्त, त्यामुळे सेल उतरले की पडदा चालतो आणि दिवा मिणमिणतो.

याच कॅमेऱ्याने आणखी एक कोडे सुटते. माइकचे चित्र असलेले बटण आणि वर टाचणीएवढे छिद्र असलेला छोटा रिमोट घ्या. बाण दाबले तर कॅमेऱ्यात काहीच नाही, आवाजाचे बटण दाबले तर लुकलुक. म्हणजे तो बहुधा टीव्हीला लावायच्या स्टिकचा. त्याचे बाण ब्लूटूथने स्टिकशी बोलतात, आवाज आणि पॉवर मात्र इन्फ्रारेडने टीव्हीला जातात. सर्वच बटणांना अंधार असेल, तर आधी नवे सेल घालून पाहावे. तरीही अंधार असला, तर तो रेडिओलहरींवर चालणारा असू शकतो. काही पंख्यांचे रिमोट असे असतात.

अंदाज बांधून झाला की त्या जातीच्या यंत्रापुढे दोन-तीन मीटरवरून, उन्हाचा झोत नसताना, पॉवर दाबून बघावी. काहीच हलले नाही, तरी अंदाज चुकला असे लगेच ठरवू नये. जात बरोबर आणि कंपनी वेगळी असली तरी संकेत जुळत नाहीत. मग सेलच्या कप्प्यातला छापील क्रमांक बघावा. उदाहरणार्थ, सॅमसंगच्या रिमोटवर BN59 बहुतेक टीव्हीचा असतो, DB93 एसीचा, AH59 होम थिएटर किंवा साउंडबारचा.

आणि ओळख पटली की यंत्राचे नाव कागदाच्या चिठ्ठीवर लिहून झाकणाच्या आत चिकटवा. ज्याचे यंत्रच घरात उरलेले नाही, त्या रिमोटमधले सेल काढून घ्या, कारण गळलेले सेल आतली पट्टी खातात, आणि तो रिमोट ई-कचऱ्यात द्या.