बेचाळीस मिनिटं द्यायची की नाही?

समजा, तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवायचं चाललंय. यूट्यूबवर ४२ मिनिटांचा एक हिंदी व्हिडिओ समोर आलाय, शीर्षक आहे ‘वीजबिल शून्य! सोलर सबसिडीची संपूर्ण माहिती’. तुमचा प्रश्न एवढाच आहे की सोसायटीला अनुदान मिळतं का आणि किती. प्ले करण्याआधीच याचं उत्तर बरंचसं काढता येतं.

शीर्षक लोकांनी क्लिक करावं म्हणून लिहिलेलं असतं, त्यामुळे त्यातलं ‘संपूर्ण’ सोडून द्या. आधी तारीख पाहा. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. व्हिडिओ त्याआधीचा असेल, तर त्यातले अनुदानाचे आकडे आज उपयोगाचे नाहीत. मग खालचं वर्णन उघडा. तिथे पॅनेल विकणाऱ्याचा फोन नंबर असेल, तर व्हिडिओ कोणाच्या सोयीसाठी केलाय याचा अंदाज येतो.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती प्रकरणांची यादी, म्हणजे चॅप्टर्स. त्यांची नावं वाचून थांबू नका, वेळांची वजाबाकी करा. ‘सबसिडी’ २९:४० ला सुरू होतं आणि पुढचं ‘हमारा अनुभव’ ३३:१० ला. म्हणजे अनुदानाला साडेतीन मिनिटं आणि स्वतःच्या अनुभवाला जवळजवळ नऊ. व्हिडिओचा खरा विषय इथे कळतो.

आता वर्णनाच्या तळाशी Show transcript दाबा. बोललेला मजकूर वेळेसकट समोर येतो. कॉम्प्युटरवर Ctrl+F ने त्यात शोधा, पण बोलणाऱ्याच्या भाषेत: ‘अनुदान’ नव्हे तर ‘सब्सिडी’, ‘सोसायटी’ नव्हे तर ‘सोसाइटी’. शब्द सापडला की पुढची-मागची आठ-दहा वाक्यं वाचा. मजकूर यंत्राने आपोआप उतरवलेला असेल, तर विरामचिन्हं बहुधा नसतात आणि आकडे चुकू शकतात. ‘अठहत्तर हज़ार’ कधी अक्षरांत येतं, कधी ७८०००, कधी भलतंच काहीतरी. म्हणून आकडा तिथून उचलू नका. त्या ओळीवर क्लिक करून तेवढं वाक्य कानांनी ऐका.

एवढं झालं की सारांश दोन-तीन वाक्यांत लिहून टाका: ‘घरगुती ३ किलोवॉटच्या ७८ हजार अनुदानाबद्दल २९:५० पासून. सोसायटीचा उल्लेख एकदाच, ३२:१५ ला, रक्कम सांगितलेली नाही. शेवटी विक्री.’ काय नाही, हे लिहायला विसरू नका, कारण निर्णय त्यावरच होतो. इथे तो सरळ आहे: सोसायटीसाठी सामायिक वापराच्या सोलरला किलोवॉटमागे १८ हजार रुपये ठरवले आहेत आणि ही माहिती व्हिडिओत नाही. योजनेच्या सरकारी संकेतस्थळावर ती वाचायला पाच मिनिटं पुरतात.

मात्र बसवणी दाखवणाऱ्या व्हिडिओला ही पद्धत लागू पडत नाही. ‘ये तार यहाँ लगाइए’ एवढंच मजकुरात उरतं, ‘यहाँ’ म्हणजे कुठे ते पडद्यावरच दिसतं. मजकुरात अशी वाक्यं दाट दिसली, तर तो भाग पाहावाच लागेल.