घोट्यामागची नस

वऱ्हाडात तळपायाची आग झाली की पहिली काशाची वाटी निघते. तूप लावून तळवा घासतात, थोडा वेळ थंड वाटतं. मग कुणीतरी म्हणतं, शुगर तपासून घ्या. शुगर निघाली की निदान तिथेच संपतं. पायांच्या फिजिओथेरपीचं काम करताना अकोला आणि अमरावती, दोन्हीकडे मी हे वारंवार पाहते. पुष्कळदा ते निदान बरोबरही असतं. पण ज्यांच्या बाबतीत ते चुकतं, त्यांच्या पायाला कुणी हातच लावलेला नसतो.

अकोल्याचे एक काका आले. वय चोपन्न, जिनिंगमध्ये कापसाच्या वजनकाट्यावर दिवसभर उभं राहण्याचं काम. सहा वर्षांपासून शुगर, तीही बऱ्यापैकी ताब्यात. नसांच्या दुखण्याची रात्रीची गोळी चालू होती, तिने गुंगी यायची पण आग थांबत नव्हती. "रातच्याले आंग टेकलं का तयपाय पेटते, मॅडम. उठून पाय झटकले का जरा बरं वाटते," ते म्हणाले. मी विचारलं, कुठला पाय? "उजवा. डाव्याले काईच नाई."

या उत्तराने तपासणीची दिशा ठरली. रात्र ही खूण इथे उपयोगाची नाही, कारण शुगरची न्यूरोपॅथी असो की घोट्यामागे दबलेली नस, आग दोन्हींत रात्रीच वाढते. दिवसा काय होतं ते विचारावं लागतं. काका म्हणाले, काट्यावर गर्दी असली, जास्त उभं राहिलं की संध्याकाळपासूनच मुंग्या सुरू होतात आणि सुट्टीच्या दिवशी रात्र बरी जाते. शुगरची न्यूरोपॅथी अशी सुट्टी पाळत नाही. ती दोन्ही पायांना जवळजवळ सारखीच धरते, बोटांच्या टोकांपासून सुरू होते आणि मोजा चढवावा तशी हळूहळू घोट्याकडे सरकते. तळवा, पायाची वरची बाजू, सगळंच त्यात येतं.

मी त्यांच्या हातात बॉलपेन दिला आणि आग होते ती जागा तळव्यावर काढायला सांगितली. त्यांनी अंगठा, शेजारची दोन बोटं, त्याखालचा चवडा आणि तळव्याची आतली बाजू घेरली. टाच बाहेर राहिली. पायाच्या वरच्या बाजूला त्यांनी पेन लावलाच नाही.

घोट्याच्या आतल्या हाडामागे एक अरुंद वाट आहे, तिला टार्सल टनेल म्हणतात. खाली हाड, वर जाड पट्टा आणि मधून बोटं वळवणारे स्नायुबंध, रक्तवाहिन्या आणि तळव्याची मुख्य नस जाते. पुढे तिचे फाटे होतात. आतल्या बाजूचा फाटा अंगठ्याकडच्या साडेतीन बोटांना आणि आतल्या तळव्याला संवेदना देतो. टाचेची फांदी अनेकदा वरच फुटते, म्हणून टाच सुटू शकते. पायाच्या वरच्या बाजूला वेगळ्याच नसा येतात. काकांचं चित्र या आतल्या फाट्याचा नकाशाच होतं.

तरी चित्रावर थांबून चालत नाही. दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा असतो, तो वाकेपर्यंत त्वचेवर टेकवायचा आणि डोळे मिटलेल्या माणसाने 'लागलं' म्हणायचं. डाव्या पायाला काकांना सगळीकडे लागलं. उजव्याला अंगठ्याखाली आणि चवड्याच्या आतल्या भागात नाही लागलं, करंगळीकडे मात्र लागलं. १२८ हर्ट्झचा कंपकाटा दोन्ही अंगठ्यांवर त्यांना सारखाच कळला. घोट्याचा प्रतिक्षेप दोन्हीकडे होता. न्यूरोपॅथी पुढे गेली असती तर या दोन गोष्टी बहुधा दोन्ही पायांत मंदावलेल्या दिसल्या असत्या.

मग मी घोट्यामागे बोटाने हलकेच टकटक केली. काकांनी पाय ओढून घेतला. झिणझिणी थेट अंगठ्यात गेली होती. डाव्या घोट्यामागे तसंच केलं तर काही नाही. या खुणेला टिनेलची खूण म्हणतात. पुढची परीक्षा म्हणजे पाऊल वर ओढून बाहेरच्या बाजूला वळवायचं, बोटंही वर ताणायची आणि तसंच पाच-दहा सेकंद धरायचं. त्यात वाट आणखी आवळते. काकांची आग भर दुपारी सुरू झाली. आणि टकटक करताना बोटाखाली मऊसर उंचवटा लागला, तो डाव्या पायाला नव्हता.

सोनोग्राफीत त्या वाटेत पाण्याची गाठ दिसली, गँग्लियन. नसेच्या वेगाच्या तपासणीत उजवा आतला फाटा मंद निघाला. या तपासणीवर मात्र आंधळा भरवसा ठेवू नये. टार्सल टनेलमध्ये नस दबलेली असूनही ती चांगली येऊ शकते आणि फक्त बारीक तंतूंची न्यूरोपॅथी असली तर तीही तिला दिसत नाही.

गाठ नसती, नुसता सपाट तळवा आणि बाहेर कललेली टाच असती, तर मी आधी आतली कमान उचलणारा इनसोल, पट्टी आणि उभं राहण्याच्या कामात खंड यावर काही आठवडे दिले असते. कारण दिसत नसताना केलेल्या ऑपरेशनचे निकाल बेभरवशाचे असतात. इथे कारण डोळ्यांसमोर होतं. गाठ काढली, पट्टा मोकळा केला. काही आठवड्यांत रात्रीची आग गेली. चवड्याखालचा थोडा बधिरपणा राहिला. दाब जास्त दिवस राहिला की तेवढं नुकसान भरून येईलच असं नाही.

याच्या अगदी उलट, अमरावतीच्या एक काकू. दोन्ही पाय, सगळी बोटं, पांघरूण लागलं तरी सोसत नाही. घोट्यामागे टकटक केली तर काही नाही, कंपकाटा दोन्ही अंगठ्यांवर जवळजवळ कळत नाही. शुद्ध शाकाहार आणि बारा वर्षं मेटफॉर्मिन. ही गोळी बी-१२ कमी करू शकते. रक्तात ते कमीच निघालं आणि त्यांच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. त्या रोज गरम पाण्यात पाय सोडून बसत. ते मी आधी बंद करायला लावलं, कारण बधिर तळव्याला चटका कळत नाही.

दोन्ही दुखणी एकाच पायात असू शकतात. शुगरने आधीच नाजूक झालेली नस दाब कमी सोसते. म्हणून शुगर सापडली तरी घोट्यामागे बोट लावायचंच.

आणि आपल्या भागात तर ते तिसऱ्या कारणासाठीही लावायचं. कुष्ठरोग हीच नस नेमकी इथेच, घोट्यामागे पकडतो. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये कुष्ठरोग्यांसाठीच तपोवन उभारलं. या रोगात नसा बोटांनी चाचपून पाहणं ही मूळ तपासणीच आहे. शुगरच्या पायासाठी आज वापरतात त्या दहा ग्रॅमच्या धाग्याचं मोजमापही कुष्ठरोग्यांच्या पायांवरच्या कामातून आलं. अमेरिकेतल्या कार्व्हिल इथल्या कुष्ठरुग्णालयातला त्याचा अभ्यास १९८६ मध्ये छापून आला. नस दोरीसारखी जाड लागली, तळवा कोरडा पडला, बोटं वाकू लागली किंवा अंगावर बधिर चट्टा दिसला, तर थेट सरकारी दवाखान्यात पाठवावं. औषध तिथे फुकट मिळतं, आणि नसेला सूज असेल तर लवकर दिलेल्या स्टेरॉइडने नस वाचू शकते.

तेव्हा तळपायाची आग घेऊन जाल तर रिपोर्टांच्या फाइलबरोबर एवढं न्या: आग होत असताना, रात्रीच, पेनाने तळव्यावर जागा घेरून फोटो काढून ठेवा, दोन्ही पायांचा. आणि कुणी चप्पल न काढताच गोळी लिहून देत असेल तर म्हणा, डॉक्टर साहेब, एकदा घोट्यामागे हात लावून पाहा.